शिशाची पट्टी

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेच्या इंग्रजी वार्षिकवृत्तास मी प्रास्ताविक लिहून दिले होते, आणि त्याची मुद्रिते पुण्यातील एका जुन्या छापखान्यातून माझ्याकडे तपासणीस आली होती. पहिल्याच पानाच्या समासात संस्थेच्या चिटणिसांनी आपल्या बारीक अक्षरात दोन इंग्रजी शब्द लिहून ठेवले होते. पहिल्याचा अर्थ ‘अधिक’. दुसरा एल, ई, ए, डी या चार अक्षरांचा. मी तो बिनदिक्कत ‘लीड’ असा वाचला, आणि लेखाच्या आरंभीच्या परिच्छेदास वृत्तपत्रांच्या कचेरीत ‘लीड’ म्हणतात हे अर्धवट ज्ञान गाठीशी असल्यामुळे, चिटणिसांना प्रस्तावनेचा आरंभ तोकडा वाटला असला पाहिजे, असे अनुमान करून, त्या रात्री दिवा जाळून आणखी दोन परिच्छेद रचले. ते मी दुसऱ्या दिवशी छापखान्यात नेऊन दिले, तेव्हा तेथल्या वृद्ध फोरमननी समासातली ती सूचना एकवार पाहिली, माझ्या कागदांकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “अहो साहेब, हे लीड नव्हे, लेड आहे, लेड! ओळी एकमेकींना चिकटल्यात. मध्ये पट्ट्या घाला म्हणतायत ते.”

असे म्हणून त्यांनी मला जुळाऱ्याच्या फळीवरची एक पट्टी उचलून दाखविली. ती शिशाची, ओळीएवढ्या लांबीची आणि दोन पॉइंट जाडीची होती. बहात्तर पॉइंटांचा सुमारे एक इंच होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ती किती पातळ असेल याची कल्पना येईल. खिळ्यांहून तिची उंची कमी असते, म्हणून शाई तिला लागत नाही आणि कागदावर तिचा ठसा उमटत नाही. उमटते ती केवळ दोन ओळींमधली मोकळीक. धातूच्या नावावरूनच त्या पट्टीला ‘लेड’ आणि पट्ट्या घालण्याच्या क्रियेला ‘लेडिंग’ हे नाव पडले आहे. माझे दोन परिच्छेद त्या दोन पॉइंटांच्या फटीत गडप झाले, याचे मला आजही वाईट वाटत नाही. कारण त्या सकाळी फोरमननी नकळत एक प्रश्न माझ्या पदरात टाकला, आणि तो अद्यापि माझ्याजवळ आहे.

प्रश्न असा, की त्यांना जे कळले ते मला का कळले नाही? त्यांचे इंग्रजी माझ्यापेक्षा फार थोडे होते. सलग इंग्रजी वाक्य त्यांना कदाचित लावताही आले नसते. परंतु त्यांना तो शब्द कानाने मिळाला होता. बारा-चौदा वर्षांचे असताना कोण्या जुन्या जुळाऱ्याच्या हाताखाली उभे राहून त्यांनी ‘लेड दे’, ‘लेड काढ’ असे हजारदा ऐकले होते, आणि त्या ध्वनीला शिशाचे वजन, त्याचा थंड स्पर्श, बोटांना लागणारा काळसरपणा हे सारे जडलेले होते. त्यांच्या दृष्टीने तो शब्द कधी संदिग्ध नव्हताच. संदिग्ध होता तो माझ्यासाठी, कारण मला तो डोळ्याने मिळाला होता. ‘लेड’ आणि ‘लीड’ हे दोन शब्द आहेत. कागदावरचे चिन्ह तेवढे एक आहे. हे वाक्य इतके सोपे आहे, की त्यावर लेख लिहावा असे कोणास वाटणार नाही. परंतु त्याच्या पोटात काय आहे ते पाहू लागलो, म्हणजे लेखन आणि भाषा यांच्या संबंधाविषयी आपण जे गृहीत धरून चालतो त्यातले बरेचसे डळमळू लागते.

प्रथम हे चिन्ह एक कसे झाले ते पाहू. सामान्य समज असा, की इंग्रजीचे वर्णलेखन हा निव्वळ बेबंद कारभार असून त्यात कार्यकारणभाव शोधणे व्यर्थ आहे. ‘लेड’ या शब्दाच्या बाबतीत तरी हा समज खोटा आहे. एक हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत धातुवाचक नाम आणि ‘नेणे, वाट दाखविणे’ या अर्थाचे क्रियापद यांचे स्वर निराळे होते, त्यांची कुळेही निराळी होती. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन्ही स्वर एकाच स्वरात येऊन मिळाले. तो स्वर आपल्या ‘ए’हून अधिक उघड्या तोंडाने म्हटलेला आणि लांबविलेला असा होता, आज तो इंग्रजीच्या या दोहोंपैकी एकाही शब्दात उरलेला नाही. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास लेखक-मुद्रकांनी या उघड्या दीर्घ स्वराकरिता ‘ई-ए’ ही अक्षरांची जोडी रूढ केली आणि अधिक मिटलेल्या स्वराकरिता ‘ई-ई’ ही जोडी राखली. तेव्हा मांस आणि भेट हे आज सारखेच उच्चारले जाणारे दोन शब्द त्यांनी निराळे लिहिले, कारण ते त्या काळी निराळे ऐकू येत होते, आणि शिसे व नेणे हे दोन शब्द त्यांनी सारखे लिहिले, कारण मुळात त्यांचा स्वर सारखा होता. म्हणजे ज्या तत्त्वावर हे लेखन उभे राहिले ते पूर्णपणे प्रामाणिक होते.

मग बिघडले काय? दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन शब्दांना दोन दिशांना घेऊन गेल्या. क्रियापदाचा स्वर हा पूर्वी दोन अक्षरांच्या शब्दातला होता. शेवटचा प्रत्यय गळून गेला तरी त्याची दीर्घता टिकली, आणि इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांची जी सार्वत्रिक उचलबांगडी पंधराव्या शतकापासून पुढे दोन-तीनशे वर्षे चालू होती, तिच्यात तो वर चढत चढत ‘ई’पर्यंत जाऊन पोहोचला. नामाचे तसे झाले नाही. ते एकाक्षरी, व्यंजनान्त, आणि शेवटी ‘ड’ असलेले. अशा शब्दांत तो दीर्घ स्वर आखडून ऱ्हस्व होण्याकडे कल होता; मृत, भाकरी, मस्तक, दोरा या अर्थांचे ‘डेड’, ‘ब्रेड’, ‘हेड’, ‘थ्रेड’ हे शब्द तसेच आखडले आणि त्यांच्याबरोबर शिसेही आखडले. मी ‘कल’ म्हणतो, नियम म्हणत नाही. कारण अशाच घडणीचे काही शब्द या कलास बळी न पडता दीर्घच राहिले, आणि अमुक का आखडला व तमुक का नाही, याचा हिशेब प्रत्येक वेळी लागतोच असे नाही. लेखन मात्र जागच्या जागी राहिले, कारण तोपर्यंत मुद्रकांचे हात बसून गेले होते.

याची मला नेहमी आपल्या गावच्या जमिनीच्या दप्तराशी तुलना करावीशी वाटते. आजोबा वारले, दोन मुलांनी जमीन वाटून घेतली, बांध पडला, एकाने विहीर काढली, दुसऱ्याने ऊस लावला. पण फेरफाराची नोंद कोणी केली नाही, म्हणून उताऱ्यावर अद्यापि आजोबांचेच नाव चालू आहे. उतारा खोटा नाही. तो ज्या तारखेचा आहे त्या तारखेला खराच होता. परंतु आज जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे हे त्या कागदावरून कळणार नाही. त्यासाठी गावात जाऊन विचारले पाहिजे. एल-ई-ए-डी हे लेखन ‘लेड’चेही नाही आणि ‘लीड’चेही नाही, ते एका तिसऱ्याच, आता कोणाच्याही तोंडी नसलेल्या उच्चाराच्या नावावर चढलेले आहे, आणि दोघे हयात वारस त्याच एका नावावर गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

गुण्यागोविंदाने म्हणालो खरा. परंतु याच घरात एक तंटा आहे, आणि तो पाहण्याजोगा आहे. ‘लीड’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘लेड’ असे उच्चारले जाते, म्हणजे अगदी धातूच्या नावासारखे. पण ते एल, ई, डी अशा तीनच अक्षरांनी लिहितात. उलट ‘वाचणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याचे वर्तमानकाळी रूप ‘रीड’ व भूतकाळी ‘रेड’, आणि दोन्ही आर, ई, ए, डी अशा चार अक्षरांनी लिहितात. वस्तुतः या दोन क्रियापदांचा इतिहास जुळ्या भावांचा आहे. दोघांच्याही भूतकाळी रूपात पूर्वी ‘ड’चे द्वित्व होते, द्वित्वापुढे दीर्घ स्वर टिकत नसे, म्हणून तो फार प्राचीन काळीच ऱ्हस्व झाला, दोघांचा ‘ए’ हा त्या ऱ्हस्वत्वाचाच अवशेष आहे. एकाच कारणाने एकच फळ आले. एकाची नोंद उच्चाराप्रमाणे झाली आणि दुसऱ्याची मूळ क्रियापदाच्या खातेपुस्तकावर चढली, एवढाच फरक. आता इंग्रज लेखकांकडूनही जी चूक वारंवार होते, ती पाहा. ‘त्याने नेतृत्व केले’ असे लिहिताना ते तीन अक्षरांऐवजी चार अक्षरे लिहून जातात. मुद्रितशोधकाची नजर सावध असली तरच ती सापडते. कारण एकतर ‘रेड’च्या उदाहरणाने हाताला तसे वळण लागलेले असते, आणि दुसरे, त्या चार अक्षरांचा ‘लेड’ असा उच्चार भाषेत खरोखरच अस्तित्वात असल्यामुळे मनातल्या मनात वाचताना कानाला काहीच खटकत नाही. कानाला पटते ते डोळा तपासत नाही. शब्दाचे अधिष्ठान ध्वनीत आहे याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही: चूक करणारा माणूस ध्वनीच्या बाबतीत मुळीच चुकलेला नसतो.

वाऱ्याची कथा याहून निराळी, आणि मला विचाराल तर अधिक मनोरंजक आहे. ‘विंड’ म्हणजे वारा, आणि ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे, पिळणे, किल्ली देणे. जुन्या इंग्रजीत दोहोंतही ऱ्हस्व ‘इ’ होती. पुढे ‘न्ड’ या जोडव्यंजनाच्या आधीचे स्वर लांबले, आणि मग तो दीर्घ ‘ई’ वर सांगितलेल्या उचलबांगडीत ‘आइ’ झाला. ‘फाइंड’, ‘माइंड’, ‘काइंड’, ‘बाइंड’ ही सारी मंडळी त्याच वाटेने आली. या न्यायाने वाऱ्यालाही ‘वाइंड’च म्हणावयास पाहिजे होते, आणि कित्येक शतके तसे म्हणतही होते. परंतु ‘विंडी’, ‘विंडमिल’ अशा लांब शब्दांत, पुढे आणखी अक्षरे आल्यामुळे, तो स्वर ऱ्हस्वच राहिला होता. अठराव्या शतकाच्या बोलण्यात या साधित शब्दांनी मूळ शब्दाला आपल्याकडे ओढून घेतले, आणि वारा ‘विंड’ झाला. नातवंडांनी आजोबांची बोली बदलावी, तसाच हा प्रकार. कवी मात्र जुन्या वहिवाटीवर अडून बसले. शेलीने १८१९ साली पश्चिमवाऱ्यास उद्देशून जे प्रसिद्ध स्तोत्र लिहिले, त्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वारा’ या शब्दाचे यमक ‘मागे’ या अर्थाच्या ‘बिहाइंड’शी जुळविलेले आहे. आज ती कविता मोठ्याने म्हणणाऱ्यापुढे पेच असा पडतो, की जिवंत भाषेचा शब्द म्हणावा तर यमक मोडते, आणि यमक सांभाळावे तर श्रोत्यांना क्षणभर वारा न ऐकू येता काहीतरी गुंडाळल्याचा भास होतो. कॉलेजात आम्हांस ही कविता शिकविणारे गृहस्थ ‘विंड’ म्हणत आणि ‘बिहाइंड’वर किंचित खोकत. त्या खोकल्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

डोळ्यातले आसू आणि कापडाचे फाटणे, म्हणजे ‘टिअर’ आणि ‘टेअर’, यांच्या इतिहासात मी शिरत नाही. ‘र’च्या आधी काही शब्दांचे स्वर वर चढले आणि काहींचे खालीच राहिले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पण या जोडीचा एक उपयोग शिकागो विद्यापीठातील गाय बझवेल या शिक्षणशास्त्रज्ञाने १९२० साली केला, तो सांगण्यासारखा आहे. मोठ्याने वाचणाऱ्याचा डोळा त्याच्या वाणीच्या किती पुढे चालतो, हे त्यास मोजावयाचे होते. त्यासाठी वाचकाच्या डोळ्यांच्या हालचालींचे छायाचित्रण करण्याची सोय त्याने केली, आणि वाचण्यासाठी जो उतारा रचला त्यात असे दुहेरी उच्चारांचे शब्द मुद्दाम पेरून ठेवले. त्या उताऱ्यात एक लहान मुलगी येते, आणि एकाच वाक्यात हा शब्द तिच्या झग्याच्या संबंधात एकदा व डोळ्यांच्या संबंधात एकदा येतो. लेखन तेच, आणि उच्चार ठरविणारा शब्द मात्र दोन्ही वेळा मागाहून येणारा. आता ज्याचा डोळा वाणीच्या पुष्कळ पुढे धावत असतो, तो पुढचा ‘झगा’ आधीच पाहून ठेवतो आणि ‘टेअर’ असे सहज म्हणून जातो. त्याने काही निर्णय केला, हे त्याच्याही लक्षात येत नाही. ज्याचा डोळा वाणीच्या बरोबरीनेच रखडत चालतो, तो आधी डोळ्यातले आसू गाळतो, मग झग्यापाशी येऊन अडखळतो, आणि मागे जाऊन फाटक्या कापडाने पुन्हा सुरुवात करतो.

या प्रयोगाकडे पाहताना एक विपर्यय माझ्या ध्यानी आला. ऐकणाऱ्याच्या बाबतीत अर्थ हा ध्वनीच्या मागून येतो. ‘टेअर’ कानी पडले की फाटणे मनात उभे राहते, आसवांचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. वाचणाऱ्याच्या बाबतीत मात्र क्रम उलटा होतो. त्याने अर्थ आधी ठरविल्यावाचून त्यास शब्दच मिळत नाही. कागदावर जे आहे तो शब्द नव्हे, शब्दाकडे जाणारी एक वाट आहे, आणि ती पुढे फुटलेली आहे. म्हणून ‘लिहिले आहे ते वाचले’ हे आपले नेहमीचे वाक्य अशा जागी खोटे ठरते. वाचक लिहिलेले उचलीत नाही. तो आपल्या कानातल्या साठ्यातून एक शब्द काढून लिहिलेल्याच्या जागी ठेवतो. ज्या शब्दांचे लेखन एकाच उच्चाराशी बांधलेले असते, तेथेही हेच घडत असले पाहिजे; फरक इतकाच, की तेथे साठ्यात एकच वस्तू असल्यामुळे निवडीचा आवाज होत नाही. माझ्या हातून त्या रात्री जे झाले, ते याच कारणाने. माझ्या साठ्यात ‘लीड’ होता. ‘लेड’ हा धातूच्या अर्थाने होता, पण छापखान्यातल्या त्या पट्टीच्या अर्थाने नव्हता. जो शब्द कानात नाही तो कागदावर दिसूनही दिसत नाही.

येथे मराठी वाचक मनातल्या मनात किंचित सुखावला असेल. आपली देवनागरी उच्चारानुसारी. आपणांस या भानगडी नाहीत. आणि या सुखाला आधार अगदीच नाही असे नाही. इंग्रजीतून आपण शब्द उचलतो तेव्हा ते उच्चारासहित उचलतो, आणि लिहिताना आपल्या लिपीला निवाडा करावाच लागतो. मतमोजणीच्या दिवशी अमुक उमेदवाराला ‘लीड’ मिळाली असे आपण लिहितो, आणि पेन्सिलीतले तुटते ते ‘लेड’ (जे वस्तुतः शिसे नसून ग्राफाइट असते, पण तो तंटा निराळा). मोटारीच्या ‘वाइंडिंग’ची पाटी लावणारा दुकानदार आणि अंगात ‘विंडचीटर’ घालणारा त्याचा मुलगा यांना एकाच इंग्रजी लेखनाची आठवणही होत नाही. इंग्रजांनी शतकानुशतके न केलेली फेरफाराची नोंद आपल्या पाटीरंगाऱ्यांनी सहज करून टाकली आहे.

परंतु हा गर्व फार ताणू नये. ‘वाचा’ हा शब्द घ्या. ‘भीतीने त्याची वाचा बसली’ आणि ‘हा लेख वाचा’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. पहिला ‘च’ तालव्य, दुसरा दंततालव्य. लेखन तेच. ‘जरा’ हा त्याहून विलक्षण. वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून त्याचा ‘ज’ तालव्य. ‘जरा थांबा’ यातला ‘जरा’ फारसीतून आलेला, मुळात ‘कण’ या अर्थाच्या अरबी शब्दाचा वंशज, आणि परक्या भाषेतल्या त्या ‘झ’सदृश घर्षक ध्वनीला मराठी जिभेने आपल्या दंततालव्य ‘ज’च्या घरात जागा दिली. एक शब्द मठातून आला आणि एक कचेरीतून. दप्तरात दोघांचे नाव एकच पडले. ‘चार गायींना चारा’ आणि ‘गायीला कडबा चार’ यांतला पहिल्या वाक्यातला आकडा व दुसऱ्या वाक्यातली आज्ञा यांचेही तसेच. आपल्याला हे कोणी शाळेत शिकविले नाही. शिकवावे लागले नाही, म्हणून ते आहे हेच आपल्या ध्यानात राहत नाही. उत्तरेकडचा एखादा गृहस्थ पुस्तकावरून मराठी शिकून येतो आणि ‘चांगला’ हा शब्द टाळूवरून म्हणतो, तेव्हा आपण सुज्ञपणे हसतो. त्याच्या पुस्तकात त्या ‘च’खाली काही खूण नव्हती, हे मात्र आपल्या मनात येत नाही. तो माझ्याच जातीचा. त्याला शब्द डोळ्याने मिळाला.

मग या खुणा करून लेखन शुद्ध करावे काय? इंग्रजीत हा उत्साह वारंवार उसळलेला आहे. बर्नार्ड शॉ १९५० साली वारला, तेव्हा इंग्रजीसाठी नवी उच्चारानुसारी लिपी तयार करण्याकरिता त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. लिपी तयार झाली, १९६२ मध्ये त्याचे एक नाटक तिच्यात छापलेही गेले, आणि पुढे इंग्रज पुन्हा आपल्या जुन्या अक्षरांत लिहीत राहिले. याचे कारण केवळ आळस नव्हे. शॉच्या लिपीत ‘लेड’ व ‘लीड’ यांची फारकत झाली असती ती योग्यच. त्यांचे नाते कधी नव्हतेच. पण त्याच फटक्यात ‘रीड’ व ‘रेड’ यांचीही फारकत झाली असती, आणि ते तर एकाच क्रियापदाचे आज आणि काल आहेत. ‘मीन’ आणि ‘मेंट’, ‘डील’ आणि ‘डेल्ट’, ‘हील’ आणि ‘हेल्थ’ या जोड्यांत स्वर दुभंगले तरी डोळ्याला कूळ दिसत राहते, ते त्या ‘ई-ए’मुळेच. जे लेखन अनोळखी माणसांना एका खोलीत कोंडते, तेच एका घरातल्या माणसांना विखुरू देत नाही.

आणि आपल्याकडे पाहावे तर हेच. ‘माझा’ म्हणताना ‘झ’ दातांकडे जातो. ‘माझी’ म्हणताना, पुढे ‘ई’ आल्यामुळे, तोच टाळूकडे सरकतो. उच्चाराचा कसोशीने पाठपुरावा करणारी लिपी असती तर माझा मुलगा एका अक्षराने आणि माझी मुलगी दुसऱ्या अक्षराने लिहावी लागली असती. हे टाळण्याची किंमत ‘वाचा’ची अडचण सोसणे ही असेल, तर ती मी आनंदाने देईन. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम झाले आणि ज्यांना उच्चाराचा आधार उरला नव्हता अशा अनुस्वारांवर काट मारली गेली, तेव्हा ‘नांव’ आणि ‘नाव’ यांतला कागदोपत्री भेद गेला. माणसाचे नाव आणि नदीतली नाव एकरूप झाली. जुन्या पिढीतल्या काहींना तो अनर्थ वाटला. मला तो वाटत नाही, कारण तेथे ध्वनीतला भेद आधीच मावळला होता आणि लेखनाने फक्त मयताची नोंद केली. ‘वाचा’मध्ये मात्र भेद जिवंत आहे, रोज लक्षावधी तोंडांनी तो पाळला जातो, आणि लेखन त्याविषयी एक अक्षर बोलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच लिपीने केल्या. तेव्हा देवनागरी उच्चारानुसारी आहे असे म्हणण्यापेक्षा, ती उच्चाराशी सलोख्याने वागते, आणि कधी कधी घरच्या माणसाप्रमाणे त्याला गृहीत धरते, असे म्हणणे मला अधिक खरे वाटते.

पुढे काही महिन्यांनी मी त्याच छापखान्यात गेलो होतो. हा ‘वाचा’चा प्रकार मला नुकताच सुचला होता, आणि फोरमनना लेडची परतफेड करावी, अशी एक बालिश इच्छाही त्यामागे असावी. मी एका चिठोऱ्यावर तो शब्द लिहिला आणि त्यांच्यापुढे धरून विचारले, “हे काय लिहिलंय?” त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि ‘वाचा’ असे, दातांकडून, म्हणाले. मी म्हटले, “कशावरून? भीतीने बसते ती वाचा कशावरून नाही?” ते काही बोलले नाहीत. ओठांच्या आत त्यांनी तो शब्द दोन्ही तऱ्हांनी दोनदा-तीनदा म्हणून पाहिला असावा, कारण त्यांचा जबडा किंचित हलताना मला दिसला. मग ते उठले, शेजारच्या जुळाऱ्याच्या केसपाशी गेले, ‘च’च्या खणात बोट घालून त्यांनी एक खिळा वर काढला, उजेडाकडे धरून त्याचा मुखवटा पाहिला, आणि पुन्हा त्याच खणात टाकून दिला.